सत्ताविसाव्या मिनिटाचा हशा

उना आंटीला एका जागी बसता येत नाही, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. टायपिंग करताना ती दर दहा मिनिटांनी उठते, खिडकीपर्यंत जाते, बंदरातली बोट बघितल्यासारखं करते आणि परत येते. चपला टेबलाखाली आणि बाई अनवाणी. मी तिच्या समोरच्या टेबलावर सहा वर्षं काढली. पहिल्या वर्षी मला वाटलं, हिला माझा कंटाळा येतो. मग कळलं, तिला कशाचाच कंटाळा येत नाही, आणि हीच तिची अडचण आहे.

तिचं पूर्ण नाव उनाइसी. सुवा या बेटावरच्या शहरातल्या आमच्या कॉलेजच्या ध्वनिमुद्रण खोलीत ती एकोणीस वर्षं आहे. व्याख्यानं, समारंभ, शोकसभा, जे जे बोललं जातं ते जपून ठेवायचं आणि मागेल त्याला लिहून द्यायचं, असं ते काम. पण तिचा खरा नावलौकिक झाला तो वर्षातून एकदाच निघणाऱ्या एका कागदामुळे. विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी उमेदवारांची जाहीर वादसभा होते. त्या सभेचं ध्वनिमुद्रण ऐकून उना आंटी एक पत्रक करते. डावीकडे विषय, आणि त्यांच्यासमोर शेजारी शेजारी रकाने, एकेका उमेदवाराचा एक. कोण काय करीन म्हणाला, एवढंच. लंबासाच्या शाखेतली मुलं, बेटांवरून शिकणारी मुलं, ज्यांच्याकडे अख्खा व्हिडिओ उतरवायला नेटवर्क नाही, ती सगळी या एका पानावर मत देतात. आपल्या आवडीचा उमेदवार हरला की इथे पोरं मतमोजणीला शिव्या देतात, मतदारयादीला देतात, अधिकाऱ्याला देतात. उना आंटीच्या पत्रकाला आजवर कुणी दिली नव्हती.

याचं कारण तिचे नियम. मुद्रण तीनदा ऐकायचं. पहिल्यांदा हात मांडीवर, पेन नाही. दुसऱ्यांदा लिहायचं. तिसऱ्यांदा लिहिलेलं समोर ठेवून ताडायचं. रकान्यांचा क्रम मतपत्रिकेवरचाच, कारण तो चिठ्ठ्या टाकून ठरलेला असतो. "करीन" म्हणाला तर "करीन", "प्रयत्न करीन" म्हणाला तर तसंच, "बघायला हवं" म्हणाला तर ते आश्वासनच नाही. प्रत्येक ओळीपुढे मिनिट. आणि एखाद्या विषयावर कुणी गप्प राहिला असेल तर तिथे साधं "बोलले नाहीत" असं लिहायचं.

मी एकदा म्हटलं होतं, "आंटी, त्या रकान्यात चारच ओळी आणि याच्यात बारा. बघणाऱ्याला पक्षपात वाटेल. दोघांच्या आठ-आठ करून टाक की."

"म्हणजे एकाच्या चार चोरायच्या आणि दुसऱ्याला चार भीक घालायच्या?" ती म्हणाली. "पोरी, वाटा सारखा नसतो. माप सारखं असतं."

तिचे वडील गावच्या सरदाराचे निरोपे होते. आमच्याकडे तो मानाचा हुद्दा आहे. सरदाराचं म्हणणं लोकांपर्यंत न्यायचं आणि लोकांचं सरदारापर्यंत. आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि वाटेत काही सांडायचं नाही. मुलगी म्हणून तिला तो हुद्दा मिळणार नव्हता. तिने टंकलेखन शिकून तो दुसऱ्या दाराने मिळवला, असं मी म्हणते. ती म्हणते, मला नुसतं टायपिंग येत होतं.

यंदा उमेदवार तीन होते. पहिली प्रनीता, कायद्याची विद्यार्थिनी, बोलायला लागली की समोरच्याला श्वासही उसना घ्यावा लागेल अशी. दुसरा मानासे, टोंगाचा, रग्बी खेळणारा, भाषण लांब आणि आश्वासनं आखूड. तिसरा लिवाई. लिवाई आणि उना आंटी यांच्या गावांचं तौवूचं नातं. मूळ पूर्वज एक असलेल्या दोन गावांमधलं हे नातं. त्यात एकमेकांची वाटेल तशी थट्टा करायची, वाटेल तसं बोलायचं, आणि समोरच्याने राग धरायचा नाही. धरला तर तोच हलका ठरतो. कॉरिडॉरमधून जाताना लिवाई डोकं आत घालून ओरडायचा, "ए म्हातारे, अजून मेली नाहीस?" आणि ही आतून म्हणायची, "तुझं तेराव्याचं जेवण जेवल्याशिवाय कशी मरू?" बाहेरगावचे पाहुणे हादरायचे. आम्ही टाइप करत राहायचो.

सभा शुक्रवारी दुपारी झाली. उना आंटी नेहमीसारखी पहिल्या रांगेच्या टोकाला, यंत्रापाशी. मी तिच्या शेजारी. सत्ताविसाव्या मिनिटाला वसतिगृहांचा विषय निघाला आणि लिवाईने समोर बसलेल्या तौवू गावच्या पोरांकडे बोट केलं. "ह्या माझ्या तौवूंच्या हातात स्वयंपाकघर देऊ नका. गेल्या रविवारी मासा संपला म्हणून ह्यांनी पातेलं चाटून भोक पाडलं. मी निवडून आलो की शनिवार-रविवार कुलूप. किल्ली माझ्या खिशात." अख्खं सभागृह हसलं. ती पोरं तर बाकावर लोळली. उना आंटीने हसताना माझ्या गुडघ्यावर एवढ्या जोरात थाप मारली की मला दुखलं.

शनिवारी सकाळी आम्ही कामाला बसलो. यंदा कॉलेजने एक संगणक प्रणाली घेतली होती. मुद्रण घातलं की ती सगळं लिहून काढते आणि मागितला तर गोषवाराही देते. मी हौसेने तिच्याकडून पत्रक करून घेतलं. चार मिनिटांत तीन रकाने तयार.

"छान दिसतंय," उना आंटी म्हणाली आणि लाल पेन काढलं. मला तो सूर ओळखीचा होता.

तिने ऐकत ऐकत चार ठिकाणी रेघ मारली. एका जागी प्रनीता आणि मानासे एकदम बोलले होते, तिथे प्रणालीने प्रनीताचं वाक्य मानासेच्या रकान्यात टाकलं होतं. दोन ठिकाणी "प्रयत्न करू"चं "करणार" झालं होतं. आणि चौथं, लिवाईच्या रकान्यात: शनिवार-रविवारी वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद ठेवणार.

"बघ," ती म्हणाली, "ह्याला हसता येत नाही."

मी हसले. ती ओळ गेली. सोमवारी सकाळी आठ वाजता पत्रक फलकांवर लागलं आणि सगळ्या शाखांना गेलं. मतदान बुधवारी नऊला सुरू होणार होतं.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक मुलगी दारात उभी राहिली. तेरेतिआ, किरिबातीची, दुसऱ्या वर्षाला, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. हातात आमचं पत्रक, घामाने मऊ झालेलं. ती आत यायला तयार नव्हती आणि जायलाही.

"बस ना," मी म्हटलं.

"नको. एकच विचारायचंय. ह्याच्यात स्वयंपाकघराचं नाही."

"कसलं स्वयंपाकघर?"

"लिवाई म्हणाला होता, शनिवार-रविवार बंद. आमची खानावळ त्या दोन दिवशी नसते. इथली मुलं घरी जातात. आम्ही बेटांवरची सतराजणी तिथेच शिजवतो. ते बंद झालं तर आम्ही खायचं कुठे?" तिने पत्रक पुढे धरलं. "मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हणून विचारायला आले."

उना आंटी प्रेमाने म्हणाली, "बाळा, ती थट्टा होती. तौवू लोकांत तसं बोलतात. सगळे हसले ना?"

"हसले," तेरेतिआ म्हणाली. "मला त्यातला विनोद कळला नाही. म्हणून मी नुसतं ऐकलं."

 भांडायला आलेली नव्हतीच ती. माफी मागितल्यासारखी मान हलवून निघून गेली.

उना आंटी उठली. खिडकीपाशी गेली. परत आली. पुन्हा गेली. मी म्हटलं, "आंटी, बस. थट्टाच होती ती." तिने कानावर हेडफोन चढवला आणि सत्ताविसावं मिनिट लावलं.

मी तिचा चेहरा बघत होते. तिने एकदा ऐकलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे नेलं. मग कानावरचं काढून माझ्यापुढे धरलं. लिवाईचं "खिशात" ऐकू येतं आणि लगेच एक हसू फुटतं. सभागृहाचं नंतर येतं. आधीचं एकटीचं, अगदी यंत्राजवळचं, मोठं. ते उना आंटीचं होतं. त्या हसण्याखाली लिवाई आणखी काहीतरी बोलतो आणि ते नीट कळत नाही. आवाज वाढवून, वेग कमी करून सहाव्या वेळी मला शब्द लागले. "...आणि हे मी खरंच सांगतोय."

"हे मी तीनदा ऐकलं होतं," उना आंटी म्हणाली. "तिन्ही वेळा मी हसले आणि पुढे गेले."

"तरी थट्टेतही माणूस खरंच सांगतो असं म्हणतोच," मी म्हटलं. मला तिची समजूत घालायची होती आणि खरं सांगायचं तर मला घरीही जायचं होतं.

"म्हणतो. म्हणून पुढे ऐकू."

तिने पुढचं सगळं लावलं. एक्कावन्नाव्या मिनिटाला ग्रंथालयाचा विषय होता. शनिवार-रविवारी ग्रंथालय उघडं ठेवीन, हे लिवाईचं आश्वासन आमच्या पत्रकात होतंच, ठळक. त्याच्या पुढचं वाक्य नव्हतं. "पहारेकरी कुठून आणणार म्हणाल, तर मघाशी स्वयंपाकघराचं बोललो ना, तिथले दोघं ग्रंथालयावर येतील." साधा आवाज. हशा नाही. आम्ही दोघींनी ते वाक्य थट्टेचं शेपूट समजून सोडून दिलं होतं.

म्हणजे झालं असं होतं की गोड अर्धं आम्ही छापलं आणि कडू अर्धं गिळलं. तेही नेमकं तिच्या तौवूचं.  तिची काय गत झाली असेल, ते मी विचारलं नाही.

"लिवाईला बोलावून विचारू या का, खरंच म्हणायचं होतं का?" मी म्हटलं.

"विचारायचं नाही. त्याला विचारलं तर त्याला पुन्हा बोलायला मिळालं. बाकी दोघांना नाही मिळालं. जे आहे ते मुद्रणात आहे."

मंगळवारी सकाळी आठच्या आधी आम्ही निवडणूक अधिकाऱ्यांच्या खोलीत होतो. अपिसाई सर निवृत्त शिक्षक, कमरेला गुंडाळलेला सुलू कडक इस्त्रीचा, स्वभावही तसाच. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

"उना, उद्या मतदान. आज तू एकाच उमेदवाराच्या रकान्यात वाईट ओळ वाढवणार. लोक काय म्हणतील? आदल्या दिवशी लिवाईचा काटा काढला."

"म्हणतील."

"राहू दे मग. एका ओळीने आभाळ कोसळत नाही."

"सर, ती ओळ नसल्याने ज्यांचं कोसळेल त्यांना ते मत देऊन झाल्यावर कळेल."

"आणि तुझं नाव? एकोणीस वर्षांचं?"

"ते त्या पत्रकामुळेच झालंय," ती म्हणाली. "पत्रक खोटं ठेवून ते कशाला जपू?"

सरांनी चष्मा परत चढवला. शेवटी म्हणाले, "एकट्याचा रकाना उघडायचा नाही. उघडायचे तर तिघांचे."

"तेच मागायला आलेय."

मग आम्ही सभेतली प्रत्येक हशाची जागा काढली. अकरा निघाल्या. हशाखाली कोण काय बोललं ते एकेक ऐकलं. मी लिहायचं, तिने ताडायचं, मग तिने लिहायचं आणि मी ताडायचं. ती इतक्या वेळा उठली-बसली की मी खुर्ची भिंतीला लावून टाकली. मानासेचं एक आश्वासन सापडलं, मैदानाचं फाटक पहाटे पाचला उघडीन. तेही आम्ही हशात हरवलं होतं. प्रनीताचं काहीच हरवलेलं नव्हतं, कारण तिच्या बोलण्यावर कुणी हसलंच नव्हतं. दहा वाजता नवं पत्रक तिन्ही उमेदवारांना एकाच वेळी गेलं. सोबत सूचना: मुद्रणात नसलेलं काही इथे असेल किंवा मुद्रणातलं चुकलं असेल तर मिनिटासह बारापर्यंत कळवा. नवीन काही घालता येणार नाही.

सव्वादहाला लिवाई आला. दारातून ओरडला नाही. आत येऊन उभा राहिला.

"ही थट्टा होती, उनाइसी."

"सत्ताविसाव्याला होती. एक्कावन्नाव्याला नव्हती."

"लोक हसले होते."

"लिहिलंय. ओळीपुढे 'हशा' आहे."

"वसतिगृहातली मतं जातील माझी."

"जातील किंवा नाही जाणार. ग्रंथालय उघडं हवं म्हणणारीही वसतिगृहातच राहतात. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं."

"तू माझी तौवू आहेस," तो म्हणाला. आता आवाज पार खाली आला होता. "तुझ्याशिवाय त्या सभागृहात कुणाला कळत होतं मी कसा बोलतो ते? तू तरी सांभाळून घ्यायचंस."

"घेतलं होतं," ती म्हणाली. "शनिवारी. तीच तर चूक झाली."

त्याने पत्रक हातात घेतलं आणि खालपर्यंत वाचलं. तळाला उना आंटीने तीन ओळी घातल्या होत्या. एकोणीस वर्षांत त्या कागदावर तिचं नाव कधी नव्हतं. आता होतं. "पहिल्या पत्रकात लिवाई यांचं स्वयंपाकघराविषयीचं आणि मानासे यांचं मैदानाविषयीचं बोलणं गाळलं गेलं होतं. सभेत त्या दोन्ही वेळी लोक हसले. हसणाऱ्यांत हे पत्रक करणारीही होती. उनाइसी." ही शेवटची ओळ नको, असं मी तिला दोनदा म्हटलं होतं. अपिसाई सरही म्हणाले होते. लिवाईने ती वाचली, पत्रक टेबलावर सरळ करून ठेवलं आणि गेला. बारापर्यंत त्याची हरकत आली नाही. बाराला नवं पत्रक जुन्याच्या जागी लागलं आणि सगळ्या शाखांना पुन्हा गेलं.

बुधवारी मतदान, गुरुवारी निकाल. प्रनीता अडतीस मतांनी निवडून आली, लिवाई दुसरा. ती एक ओळ किती मतांची होती, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि कॉलेजातला प्रत्येक जण ते सांगत होता. कॅन्टीनमध्ये माझ्या मागच्या टेबलावर दोघं म्हणत होते की म्हातारीने यंदा पैसे खाल्ले. मी उठून भांडले. रोटी तशीच राहिली.

संध्याकाळी प्रनीता केक घेऊन आली. "आंटी, तुमच्यामुळे..."

"माझ्यामुळे काही नाही. तुझी हशाखाली हरवलेली ओळ निघाली असती तर तीही घातली असती. केक वसतिगृहात ने. तिथे सतराजणी आहेत."

प्रनीताचं तोंड एवढंसं झालं, पण केक नेला.

मला वाटलं होतं, आता उना आंटी सैल होईल. झाली नाही. शुक्रवारी सकाळपासून ती दाराकडेच बघत होती. टायपिंग थांबवायची, कान द्यायची, पुन्हा सुरू करायची. मला कळत होतं, ती लिवाईच्या "ए म्हातारे"ची वाट बघतेय. तौवूत राग धरायचा नसतो. शिव्यांचा तर नाहीच, पण हरण्याचाही नाही, असं तिला मनापासून वाटत होतं. तिने उत्तरही तयार ठेवलं असणार. ती ठेवतेच.

साडेनऊला पावलं वाजली. लिवाई होता. दारापाशी थांबला, डोकं किंचित झुकवलं, जसं आम्ही परक्या, मोठ्या माणसांपुढे झुकवतो.

"गुड मॉर्निंग, मॅडम," तो म्हणाला.

"गुड मॉर्निंग," उना आंटी म्हणाली.

तो गेला. ती बराच वेळ उठली नाही. खिडकीपाशीही गेली नाही. मी सहा वर्षांत तिला एवढा वेळ एका जागी बसलेली पहिल्यांदाच बघत होते, आणि मला रडू येत होतं.